एकच गणित, तीन उत्तरं: राउंड रॉबिनची रांग नीट कशी लावायची

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दादरला माझ्याकडे ऑपरेटिंग सिस्टीमची उजळणी करायला मुलं बसली होती. फळ्यावर राउंड रॉबिनचं, म्हणजे चालू प्रोग्रामना, प्रोसेसना, सीपीयू पाळीपाळीने वाटून देण्याच्या पद्धतीचं, एक गणित लिहून दिलं आणि वीस मिनिटांनी सरासरी वेटिंग टाइम, म्हणजे प्रोसेस रांगेत सरासरी किती वेळ थांबल्या ते, विचारलं. पहिल्या बाकावरून उत्तर आलं ६. खिडकीजवळच्या मुलीचं होतं ५.७५. केटी सोडवायला आलेल्या एका मुलाचं ५.५. तिघांनीही गँट चार्ट स्वच्छ आखला होता, बेरजा बरोबर होत्या, सूत्रंही बरोबर. मी तिघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा लक्षात आलं की फरक गणितात नव्हताच. तो चार्टच्याही आधी, वहीत कोणीच न लिहिलेल्या एका गोष्टीत पडला होता: रांगेत कोण कोणाच्या मागे उभं आहे.

गणित हे होतं. टाइम क्वांटम २.

```
प्रोसेस   अरायव्हल (AT)   बर्स्ट (BT)
P1            0              5
P2            1              3
P3            2              4
P4            4              1
```

अरायव्हल टाइम म्हणजे प्रोसेस रांगेत येऊन उभी राहिली ती वेळ. बर्स्ट टाइम म्हणजे तिला एकूण किती वेळ सीपीयू लागणार आहे. आणि क्वांटम म्हणजे एका पाळीत जास्तीत जास्त किती वेळ मिळेल याची मर्यादा. पेपरात हे आकडे कधी मिलिसेकंदात असतात, कधी नुसते युनिट म्हणून दिलेले असतात. सोडवण्याच्या रीतीत त्याने काही बदलत नाही.

राउंड रॉबिन मला पुस्तकाच्या कितीतरी आधी समजलं होतं. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो आणि खाली नळ एकच होता. पहाटे पाणी यायचं ते तासाभरासाठी. ज्याचे हंडे-कळश्या जास्त, तो सगळं भरून होईपर्यंत नळ अडवून बसला तर एका कळशीसाठी आलेल्या आजीने काय करायचं? म्हणून चाळीत नियम होता: दोन कळश्या भरल्या की बाजूला व्हायचं, आणि अजून भरायच्या असतील तर रांगेच्या शेवटी जाऊन परत उभं राहायचं. राउंड रॉबिन म्हणजे नेमकं हेच. P1 पाच कळश्या घेऊन सगळ्यात आधी खाली आली. P4 एकच कळशी घेऊन चार मिनिटांनी आली. एका कळशीला एक मिनिट लागतं. नळ म्हणजे सीपीयू, दोन कळश्यांचा नियम म्हणजे क्वांटम, आणि नळासमोरची रांग म्हणजे रेडी क्यू.

या चित्रात गँट चार्ट कुठे आहे? कोण किती वाजून किती मिनिटांपासून किती मिनिटांपर्यंत नळावर होतं, एवढी नोंद म्हणजे गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियरच्या नावाने तो ओळखला जातो. कारखान्यांतल्या कामाचं वेळापत्रक मांडायला त्याने अशा आकृत्या वापरल्या, त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कामांच्या वेळापत्रकात एकाखाली एक अनेक ओळी असतात. आपल्या पेपरात एकच ओळ असते, कारण नळ एकच आहे. पण नळावर कोण होतं एवढंच त्या ओळीत दिसतं. मागे कोण कोणत्या क्रमाने उभं होतं ते दिसत नाही, आणि पुढचा चौकोन कोणाचा हे तर त्या क्रमावरूनच ठरतं. म्हणून मुलांना मी सांगते, आधी रांग लिहा. चार्ट तिच्यातून आपोआप निघतो.

चला, रांग लावू.

शून्याव्या क्षणाला फक्त P1 आली आहे. नळ मोकळा आहे, ती लगेच लागते आणि २ पर्यंत राहते. या दोन युनिटांत काय काय झालं? १ ला P2 आली, रांगेत उभी राहिली. २ ला P3 आली, तिच्या मागे उभी राहिली. आणि २ लाच P1 चा क्वांटम संपला. तिचे पाचपैकी दोन झाले, तीन उरले, म्हणून ती शेवटी जाते. रांग झाली P2, P3, P1.

आता पुढे P2 आहे. ती २ ते ४ चालते, तिचं एक युनिट उरतं. ४ ला P4 येते आणि रांगेत P1 च्या मागे उभी राहते, त्यानंतर P2 तिच्याही मागे जाते. रांग झाली P3, P1, P4, P2. इथे जरा थांबा. P4 आली आहे, पण तिच्या पुढे P3 आणि P1 आधीपासून उभ्या आहेत. P1 तर २ पासून ताटकळते आहे. हा क्षण लक्षात ठेवा, ५.५ वाल्या मुलाची वही नेमकी इथे घसरली होती.

४ ते ६ P3. चारपैकी दोन उरले, ती शेवटी. ६ ते ८ P1. तिचं एक उरलं, तीही शेवटी. मग ८ ला P4 चा नंबर लागतो. तिला एकच युनिट हवं आहे, म्हणून ती ९ ला संपते, आणि ९ लाच पुढची लागते. क्वांटम २ आहे म्हणून सीपीयू १० पर्यंत वाट बघत नाही. क्वांटम ही मर्यादा आहे, तेवढा वेळ वापरलाच पाहिजे अशी सक्ती नाही. एक कळशी घेऊन आलेली आजी एक कळशी भरून निघून जाते, तिच्या नावाने नळ आणखी एक मिनिट वाहता ठेवत नाहीत. ९ ते १० P2 चं उरलेलं एक युनिट, १० ते १२ P3 ची उरलेली दोन, आणि १२ ते १३ P1 चं शेवटचं एक.

सप्लिमेंटच्या कच्च्या भागात हे असं दिसतं:

```
वेळ     सीपीयूवर     नंतरची रांग
0-2     P1 (5→3)     P2 P3 P1
2-4     P2 (3→1)     P3 P1 P4 P2
4-6     P3 (4→2)     P1 P4 P2 P3
6-8     P1 (3→1)     P4 P2 P3 P1
8-9     P4 (1→0)     P2 P3 P1
9-10    P2 (1→0)     P3 P1
10-12   P3 (2→0)     P1
12-13   P1 (1→0)     रिकामी
```

आणि त्यातला मधला स्तंभ आडवा केला की चार्ट तयार:

```
| P1 | P2 | P3 | P1 | P4 | P2 | P3 | P1 |
0    2    4    6    8    9    10   12   13
```

आता ५.५ कुठून आलं ते बघू. त्या मुलाने रांग लावलीच नव्हती. त्याने P1, P2, P3, P4 असा फेरा धरला आणि तोच फिरवत राहिला. मी विचारलं, "६ ला P4 कशी लागली?" तो म्हणाला, "मॅडम, P3 नंतर P4 च येणार ना?" त्याचा चार्ट असा होता:

```
| P1 | P2 | P3 | P4 | P1 | P2 | P3 | P1 |
0    2    4    6    7    9    10   12   13
```

राउंड म्हणजे गोल, म्हणून नंबरांचा गोल फेरा, असा हा समज आहे. नाव ऐकून तो होणं अगदी स्वाभाविक आहे, आणि सगळ्या प्रोसेस शून्याला आलेल्या असतील, रांगही नंबरांप्रमाणेच लागली असेल, तर तो फेरा बरोबरच ठरतो. बहुतेक वर्गांत पहिली दोन-तीन उदाहरणं अशीच घेतली जातात, त्यामुळे ही सवय मुलांच्या हाताला बसते. पण अरायव्हल टाइम वेगवेगळे आले की रांगेतला क्रम आल्या वेळेनुसार ठरतो, नावातल्या आकड्यानुसार नाही. २ पासून उभ्या असलेल्या P1 ला डावलून ४ ला आलेल्या P4 ला नळ दिला, तर चाळीत भांडण झालं असतं. त्या मुलाने प्रत्येक चौकोनाच्या शेवटी रांग लिहिली असती, तर ही चूक त्याची त्यालाच दिसली असती.

५.७५ ची गोष्ट वेगळी आहे. ते उत्तर चुकीचं नाही.

२ या क्षणाला दोन गोष्टी एकदम घडतात. P3 येते आणि P1 चा क्वांटम संपतो. दोघींनाही रांगेच्या शेवटी उभं राहायचं आहे. आधी कोण? चाळीत हा प्रसंग रोजचा होता: तुम्ही दोन कळश्या भरून मागे वळता आणि त्याच क्षणाला जिन्यावरून कोणीतरी कळशी घेऊन उतरतं. मी वर नव्या आलेलीला पुढचा नंबर दिला. खिडकीजवळच्या मुलीने नळावरून परतलेलीला दिला. मग तिची रांग २ ला P2, P1, P3 झाली, ४ ला P1, P3, P2, P4 झाली, आणि सगळा चार्ट बदलला:

```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P4 | P1 | P3 |
0    2    4    6    8    9    10   11   13
```

प्रत्यक्ष यंत्रात ही बरोबरी होतच नाही म्हटलं तरी चालेल. एका सीपीयूवर क्वांटम संपल्याचा इशारा देणारा टायमरचा इंटरप्ट आणि नवी प्रोसेस तयार झाल्याची घटना यांतली एक कुठलीतरी आधी हाताळली जाते, मग फरक अगदी सूक्ष्म का असेना. आपण वेळ पूर्ण आकड्यांत मोजतो, म्हणून पेपरात दोन्ही घटना "२ ला" दिसतात. तेव्हा कोणाला पुढे धरायचं हा संकेताचा प्रश्न आहे. सोडवलेल्या उदाहरणांत सहसा दिसतो तो संकेत नव्या आलेलीला पुढे धरण्याचा, आणि प्रश्नात काही म्हटलं नसेल तर मीही तोच धरायला सांगते. पण तो धरला आहे हे उत्तराच्या वर एका ओळीत लिहायला हवं: "त्याच क्षणी आलेली नवी प्रोसेस, क्वांटम संपलेल्या प्रोसेसच्या आधी रांगेत घेतली आहे." ही ओळ नसेल, तर वेगळा संकेत धरून बसलेल्या परीक्षकाला तुमचा चार्ट तिसऱ्या चौकोनापासून चुकलेला दिसतो, आणि तुम्ही विचारपूर्वक निवड केली होती हे त्याला कळायला काही मार्ग राहत नाही. प्रश्नातच नियम दिला असेल तर अर्थातच तोच पाळायचा. आणि एकाच गणितात २ ला एक संकेत, ४ ला दुसरा असं करायचं नाही. मुलांकडून हेही होतं, बहुतेकदा नकळत.

चार्ट हातात आला की आकडे काढणं सोपं आहे. त्यांचा अर्थ मात्र मनात पक्का हवा, नाहीतर हात भलतीकडे जातो. कम्प्लिशन टाइम म्हणजे त्या प्रोसेसचा चार्टमधला शेवटचा चौकोन जिथे संपतो ती वेळ. टर्नअराउंड टाइम म्हणजे आल्यापासून काम पुरतं संपेपर्यंतचा सगळा काळ: जिन्यावरून उतरल्यापासून शेवटची कळशी भरून घरी परतेपर्यंत. त्यातला काही भाग नळावर जातो, तो बर्स्ट टाइम. उरलेला सगळा रांगेत जातो, तो वेटिंग टाइम. सूत्रं दोनच आहेत आणि दोन्ही या अर्थातूनच येतात:

```
TAT = CT - AT
WT  = TAT - BT
```

आपल्या पहिल्या चार्टवरून:

```
       AT   BT   CT   TAT   WT
P1      0    5   13    13    8
P2      1    3   10     9    6
P3      2    4   12    10    6
P4      4    1    9     5    4
बेरीज       13          37   24
```

सरासरी टर्नअराउंड ३७ भागिले ४, म्हणजे ९.२५. सरासरी वेटिंग २४ भागिले ४, म्हणजे ६. खिडकीजवळच्या मुलीच्या चार्टवरून बेरजा ३६ आणि २३ येतात, म्हणून तिचं ९ आणि ५.७५.

वेटिंग टाइममध्ये दोन चुका मला वर्षानुवर्षं दिसतात. पहिली म्हणजे फक्त पहिला चौकोन बघून "P3 ४ ला सुरू झाली, २ ला आली होती, म्हणजे वेटिंग २" असं लिहायचं. हा आकडा खरा आहे, पण त्याचं नाव रिस्पॉन्स टाइम: पहिल्यांदा नळ मिळेपर्यंत गेलेला वेळ. जिथे प्रोसेस एकदा लागली की संपूनच उठते, तिथे रिस्पॉन्स आणि वेटिंग एकच असतात, आणि मुलं पहिल्यांदा शिकतात ती एफसीएफएसची पद्धत नेमकी तशीच आहे. राउंड रॉबिनमध्ये P3 ६ ला उठून पुन्हा रांगेत जाते आणि १० पर्यंत उभी राहते. ती चार युनिटंही थांबण्याचीच आहेत. २ आणि ४ मिळून ६. दुसरी चूक अरायव्हल वजा करायला विसरण्याची. मग P4 चं वेटिंग ४ ऐवजी ८ येतं, म्हणजे ती यायच्या आधीची चार युनिटंही आपण तिला रांगेत उभी केली. चारही प्रोसेसना ही चूक केली तर सरासरी ७.७५ येते. पहिली चूक केली तर १.७५.

उत्तर बरोबर आलं का, हे कसं तपासायचं? बहुतेक मुलांना एक तपासणी माहीत असते. टर्नअराउंडच्या बेरजेतून वेटिंगची बेरीज वजा केली की बर्स्टची बेरीज उरायला हवी. ३७ वजा २४ म्हणजे १३, जुळलं. ही तपासणी वजाबाकीतली चूक पकडते, त्यापलीकडे फारसं काही पकडत नाही. ५.५ वाल्या मुलाचा चार्ट घ्या: त्याच्या बेरजा ३५ आणि २२ येतात, फरक पुन्हा १३. वेटिंग आपण टर्नअराउंडमधून बर्स्ट वजा करूनच काढलं आहे, तर तो फरक चुकणार तरी कसा? चुकीचा चार्टही ही परीक्षा निवांत पास होतो.

त्यापेक्षा मला दुसरी तपासणी आवडते, आणि तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. रांगेच्या कच्च्या तक्त्यावरून प्रत्येक युनिटात किती जणी उभ्या होत्या ते मोजा. ० ते १ कोणीच नाही. १ ते २ एकटी P2, म्हणजे १. २ ते ४ P3 आणि P1, दोघी दोन युनिटं, म्हणजे ४. ४ ते ६ तिघी, म्हणजे ६. ६ ते ८ पुन्हा तिघी, ६. ८ ते ९ तिघी, ३. ९ ते १० दोघी, २. १० ते १२ एकटी P1, २. शेवटच्या युनिटात कोणी नाही. बेरीज २४. सूत्राने काढलेली वेटिंगची बेरीजही २४. इथे आकडा दुसऱ्याच वाटेने आला आहे: तिकडे आपण प्रत्येकीला विचारलं की तू एकूण किती वेळ उभी होतीस, इकडे प्रत्येक मिनिटाला रांगेत डोकी मोजली. दोन्ही जुळले, तर चार्ट आणि तक्ता एकमेकांशी प्रामाणिक आहेत. आणि डोकी मोजताना नजर रांगेवरून फिरतेच, त्यामुळे कोणी मध्ये घुसलं असेल तर तेही तिथेच दिसतं.

त्या दिवशी आणखी एक शंका आली, आणि ती मला फार मोलाची वाटली. एका मुलाने हेच गणित एफसीएफएसने, म्हणजे आला तो पुरता संपवून जाणार या पद्धतीने सोडवून बघितलं. P1 ० ते ५, P2 ५ ते ८, P3 ८ ते १२, P4 १२ ते १३. वेटिंग ०, ४, ६, ८, बेरीज १८, सरासरी ४.५. तो म्हणाला, "मॅडम, राउंड रॉबिन चांगलं ना? मग ६ कसं आलं? माझं चुकलं का?" चुकलं नव्हतं. राउंड रॉबिन सरासरी वेटिंग कमी करायला बनलेलंच नाही. ते प्रत्येकाला लवकर एकदा तरी नळ मिळावा म्हणून आहे. मघाचा तो १.७५ आठवा, तो या चार्टचा सरासरी रिस्पॉन्स टाइम. एफसीएफएसमध्ये तोच ४.५ आहे, कारण तिथे पहिल्यांदा लागेपर्यंतचं थांबणं हेच सगळं थांबणं. एका कळशीची P4 एफसीएफएसमध्ये ८ युनिटं उभी राहते, राउंड रॉबिनमध्ये ४. याची किंमत P1 मोजते: एफसीएफएसमध्ये तिला अजिबात थांबावं लागत नव्हतं, इथे ८ युनिटं थांबावं लागतं. कळ दाबली की पडद्यावर अक्षर लगेच उमटावं अशी अपेक्षा असते, तिथे हा व्यवहार परवडतो. म्हणून दोन पद्धतींची तुलना विचारली असेल तर नुसती सरासरी वेटिंग लिहून "ही चांगली" म्हणू नका. रिस्पॉन्सचा आकडाही काढून शेजारी ठेवा.

कधी कधी प्रश्नात कॉन्टेक्स्ट स्विचला लागणारा वेळ दिलेला असतो. मग एक प्रोसेस उठून दुसरी लागते तिथे तेवढा वेगळा चौकोन आखायचा. तो कोणाच्याच बर्स्टमध्ये धरायचा नाही, पण घड्याळ पुढे सरकतं आणि त्या काळात आलेल्या प्रोसेस रांगेत लागतात. दिला नसेल तर शून्य समजायचा. तसंच मध्ये कोणीच तयार नसेल तर रिकामा चौकोन आखून त्यावर आयडल असं लिहायचं. मुलं तो गाळून दोन चौकोन चिकटवतात आणि पुढचे सगळे कम्प्लिशन टाइम तेवढ्याने अलीकडे येतात.

जाताना मी तेच गणित क्वांटम ३ घेऊन दिलं, आणि तुम्हीही ते आधी स्वतः करून बघा. P1 ० ते ३ चालते, तिचे दोन उरतात, रांग P2, P3, P1. P2 ३ ते ६ चालून संपते. ४ ला P4 रांगेत आली आहे, म्हणून रांग P3, P1, P4. P3 ६ ते ९ चालते, एक उरतं, ती P4 च्या मागे जाते. P1 ९ ते ११, P4 ११ ते १२, P3 १२ ते १३. या वेळी क्वांटम संपण्याच्या क्षणी, म्हणजे ३ ला किंवा ९ ला, कोणीही नवीन येत नाही, म्हणून कुठलाही संकेत धरला तरी चार्ट एकच येतो. वेटिंग अनुक्रमे ६, २, ७, ७, सरासरी ५.५. नंबरांचा फेरा फिरवला तर P4 इथेही P1 च्या पुढे घुसते आणि सरासरी ५.२५ येते. केटीवाल्या मुलाने या वेळी समासात आधी रांग लिहिली, मग चार्ट आखला. त्याचं ५.५ आलं.